अकरा खाडे

"उद्या बी खाडा का रे, परमेश्वर?"

सितारामचा तो आवाज. कानावरची पेन्सिल काढायची, भिंतीला टांगलेली वही पुढं ओढायची आणि मान न वळवता विचारायचं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखाद्यानं आभाळाकडं बघून आज उघडलं का म्हणावं, तसा तो विचारायचा. परभणीच्या स्टेशनामागच्या गल्लीत त्याची मेस होती. वीस-बावीस पोरं दोन्ही वेळ जेवायची. खाडा म्हणजे न जेवलेलं ताट. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तेवढ्या ताटाचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा व्हायचे. गावी जाणाऱ्या पोरांसाठी केलेली सोय ती. परमेश्वर मात्र गावी न जाता खाडे टाकायचा. सकाळी कॉलेज, दुपारी लायब्ररी, आणि संध्याकाळी इतरांची ताटं वाढली जात तेव्हा स्टेशनच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या.

याला सत्तावीस वर्षं झाली.

तेव्हा घरात पैसा नव्हता असं म्हणायला जागा नव्हती. त्याच्या बापाचा, माणिकरावांचा, कापूस दर हंगामात सेलूच्या जिनिंगवर उतरायचा, आणि बोरी गावच्या चावडीपुढं बसून ते चार माणसांत छातीला हात लावून सांगायचे, "पोरानं नुसतं मागावं. मागंल तेवढं देतो." मागायचं तेवढंच काय ते राहायचं. अन् नेमकं तेवढंच परमेश्वरला जमायचं नाही. गावी यायचा, दोन दिवस राहायचा, निघताना बापापुढं उभा राहायचा. "दादा…" "काय रे?" "काय न्हाई. येतो." एसटीत बसल्यावर खिडकीतून घर मागं जाताना बघायचं आणि गळ्यात अडकलेलं गिळून टाकायचं.

बीएस्सीचं पहिलं वर्ष. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. सितारामच्या वहीत एक पैसा बाकी ठेवला नव्हता, ठेवण्याइतकं तो जेवलाच नव्हता. बापाला म्हणाला, "मन लागत न्हाई तिथं." बापानं मान हलवली आणि पुढच्या वर्षी पिठाची चक्की घालून दिली. तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की माणिकरावांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "पैशाला मी कमी न्हाई पडू दिलं. पोरालाच शिकायचं न्हवतं." परमेश्वर शेजारी बसून पाहुण्याच्या हाती पान द्यायचा. कधी खोटं पाडलं नाही. म्हातारा त्या वाक्याला टेकून बसलेला होता, भिंतीला टेकावं तसा. ती भिंत कुणी काढून घ्यावी?

आज सोमवार होता. सकाळपासून चक्की चालू होती. जात्यातून गरम पीठ पडत होतं, पट्ट्याचा आवाज छपरापर्यंत भरला होता, आणि परमेश्वरच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या सगळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. सरजाबाई आपल्या ज्वारीच्या पोत्यावरच बैठक मारून बसली होती. तिचा नंबर तिसरा होता, पण घाई तिला कधीच नसायची. चक्कीवर बसलं की गावातल्या साऱ्या बातम्या आपोआप दळून मिळतात, असं तीच म्हणायची.

दारात त्याची बायको राजेश्री आली. हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

रविवारी संध्याकाळी परभणीला शिकणाऱ्या त्यांच्या लेकीची, अर्पिताची, मेस बंद असायची. म्हणून दर रविवारी दुपारच्या एसटीनं डबा परभणीला जायचा. कंडक्टर ओळखीचा. स्टँडवर अर्पिता उभी असायची, डबा घ्यायची, आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं घासून-पुसून लख्ख केलेला डबा परत यायचा. त्यात कधी एखादं चॉकलेट, कधी आईसाठी केसाच्या पिनांचं पाकीट. आज कागद होता.

"अहो, चक्की थांबवा थोडी."

"लाइट हाय तवर दळू दे की. काय हाय?"

"तुमच्या लेकीनं लिव्हलंय. मी वाचलं. आता तुमी वाचा."

राजेश्रीच्या तोंडावर असं काही होतं की परमेश्वरनं बटण दाबलं. पट्टा हळूहळू मंदावला, थांबला. आवाज गेल्यावर चक्कीत इतकी शांतता पसरली की छपरावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. हात पुसायला काही स्वच्छ नव्हतं, म्हणून त्यानं ते सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसले आणि कागद घेतला.

प्रॅक्टिकलच्या वहीतली दोन पानं. पट्टीनं आखलेल्या रेघा. अक्षर तेच, चौथीत शिक्षकांनी फळ्यावर लिहायला उभं केलं होतं तेव्हापासूनचं, टपोरं आणि उभं.

*ती. आई आणि पप्पा,*

*नमस्कार. ही चिठ्ठी मी तीनदा लिहून फाडली. ही चौथी आहे.*

*तुम्ही मला लागेल तसे पैसे देता. कधीच नाही म्हणत नाही. पण लागेल तसे म्हणजे मला दर वेळी मागावं लागतं, आणि पाठवा एवढं म्हणायला मला तीन-तीन दिवस लागतात. म्हणून मी एक योजना मांडते आहे. दर महिन्याला एक तारखेला ठरलेली रक्कम माझ्या खात्यावर टाकावी. महिना मी चालवीन.*

*गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडून आलेले पैसे मी लिहून ठेवले आहेत. जुलै ६,३००, ऑगस्ट ५,८५०, सप्टेंबर ५,१००. सरासरी ५,७५० पडते. मेसचे खाडे: जुलै २, ऑगस्ट ६, सप्टेंबर ११.*

*महिन्याचा खर्च असा येईल:*

*खोलीभाडं, तिघींत ४,५००, माझा वाटा: १,५००*
*लाइट बिलाचा वाटा: १५०*
*मेस, दोन वेळ: २,४००*
*सकाळचा चहा आणि काहीतरी, रोज १५ प्रमाणे: ४५०*
*मोबाइल रिचार्ज (८४ दिवसांचं ८४० रुपयांना बसतं, त्याचा महिन्याचा भाग): ३००*
*झेरॉक्स, वह्या, प्रॅक्टिकलचं सामान: २००*
*साबण, तेल, पॅड: ३००*
*गावी दोनदा येणं-जाणं, अर्ध्या तिकिटात: १००*
*परीक्षेचा फॉर्म सहा महिन्यांनी १,२०० लागतो, तो एकदम मागायला नको म्हणून दर महिन्याला बाजूला: २००*
*अडीअडचण: ३००*

*एकूण ५,९००.*

*कॉलेजची वर्षाची फी आणि कपडे यात धरलेले नाहीत. अडीअडचणीचे पैसे उरले तर पुढच्या महिन्यात तेवढे कमी पाठवा. महिना संपला की मी हिशेब डब्यात घालून पाठवीन. तीन महिन्यांनी आपण पुन्हा बसून बघू, कुठं जास्त धरलं, कुठं कमी. जास्त वाटत असेल तर कुठल्या ओळीत कमी करायचं ते तुम्हीच सांगा, मी तशी राहीन. पण जे ठरेल ते ठरलेलं असावं.*

*तुमची,*
*अर्पिता*

*ता. क. हे मला फोनवर विचारू नका. फोनवर मी काही नको असंच म्हणते. हो की नाही ते कागदावर लिहून रविवारच्या डब्यात घाला.*

परमेश्वरनं ती चिठ्ठी एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना तो प्रत्येक ओळीवर थांबत गेला, देवळात एकेका पायरीवर हात टेकत वर जावं तसा. लाइट बिलाचा वाटा दीडशे. म्हणजे तीन पोरी, एक खोली, एक पंखा, आणि महिना संपला की बिल घेऊन तिघी चटईवर बसून भागाकार करत असणार. सकाळचा चहा आणि काहीतरी, पंधरा रुपये. दहाचा चहा, पाचाचं काहीतरी. ते काहीतरी काय असेल? पाव असेल, बिस्किटाचा पुडा असेल. थंडीत हात चोळत टपरीपुढं उभी असलेली आपली पोर त्याला इतकी स्पष्ट दिसली की तिच्या ओढणीचा रंगही दिसला. पोरगी सव्वा वर्षापासून परभणीत राहत होती. तिला सोडायला गेला, आणायला गेला, पैसे पाठवले. पण तिचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे त्याला या दोन पानांवर पहिल्यांदा दिसलं.

आणि ती परीक्षेच्या फॉर्मची ओळ. सहा महिन्यांनी येणारं ओझं तिनं आजपासून दोनशे-दोनशेचे खडे करून वाटलं होतं. हे तिला कुणी शिकवलं? त्यानं तर नाही. त्याला आयुष्यात एवढं सरळ मागताच आलं नव्हतं.

त्याचे डोळे शेवटी तिथंच येऊन थांबले. खाडे: २, ६, ११.

ते तीन आकडे बघून त्याला स्टेशनचा बाक आठवला.

"काय झालं गं बाई?" सरजाबाईनं पोत्यावरून मान लांब केली. "लाइटीचं बिल आलं का काय, एवढं गप व्हायला?"

"बिल न्हाई, मावशी," राजेश्री म्हणाली. "अर्पीनं महिन्याचा खर्च लिहून पाठवलाय. सगळा. साबणापतुर."

"वाच की मग जरा. मला काय वाचाया येतं?"

परमेश्वरनं वाचून दाखवायला सुरुवात केली. पॅडच्या ओळीवर अडखळला, नुसतंच "साबण, तेल" म्हणून पुढं जायला लागला.

"सगळं वाचा," राजेश्री म्हणाली. "तिनं न लाजता लिव्हलंय, तुमी वाचताना लाजू नगा."

त्यानं वाचलं. सरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं, पदर डोक्यावर सारखा केला. तिच्या तरुणपणी जातं ओढताना तोंडात येईल ते गाण्यात बसवायची सवय होती तिला, ती अजून गेली नव्हती. चक्की थांबलेली बघून तिनं सूर धरला, अगदी हळू:

*लेक मागाया उभी, तिची मान ताठ गं बाई*
*मायबापाच्या डोळ्यात, उजेड मावत न्हाई*

"आमच्या वक्ताला पोरी मागत न्हवत्या," ती म्हणाली, "अन् पोरं बी न्हवती मागत. मागायचं म्हंजे लय मोठं काम हाय, परमेश्वरा. भीक येगळी, मागणं येगळं."

परमेश्वरच्या पांढऱ्या गालावरून एक रेघ खाली उतरली. त्यानं ती पुसली नाही, पुसली असती तर जास्तच दिसली असती.

राजेश्री मात्र तोवर हिशेबाला लागली होती. बोटांवर मोजत म्हणाली, "चक्कीचा पैसा रोज येतो, महिन्यानं न्हाई येत. एक तारखेला पाच हजार नऊशे एकदम कुठून उभे करायचे, ही अडचण. मग रोज दोनशे बाजूला काढले तर? तीस दिवसांचे सहा हजार होतात. शंभर वर उरतात."

"किलोला पाच रुपये," परमेश्वर म्हणाला. "म्हंजे चाळीस किलो दळण."

"व्हय. रोज चाळीस किलो तिचं."

दोघांनीही त्या चक्कीकडं बघितलं, जणू तिथं आत्तापर्यंत न दिसलेलं काहीतरी उभं होतं. चाळीस किलो पीठ म्हणजे पोरीचा एक दिवस. भाडं, भात, पंधरा रुपयांचा चहा, पंख्याचं वारं. रोज दुपारपर्यंत एवढं दळलं की परभणीत एक दिवस उभा राहतो. इतकी वर्षं तो दळत होता, पण दळलेलं कुठं जातं हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

"पण गल्ला मामांकडं जातो," राजेश्री हळूच म्हणाली.

तीच खरी गोष्ट होती. चक्की माणिकरावांनी घातलेली. संध्याकाळी पत्र्याचा डबा त्यांच्यापुढं जायचा, ते नोटा सरळ करायचे, चिल्लर वेगळी करायचे, आणि घरात कुणाला काय लागलं तर त्यांच्या हातून मिळायचं. देण्यात त्यांनी कधी कसूर केली नव्हती. पण रोज दोनशे आधीच बाजूला काढायचे तर ते त्यांना विचारूनच.

एकच्या सुमारास लाइट गेली. सरजाबाईचं पीठ तोवर झालं होतं. दोघं घरी आली तेव्हा माणिकराव ओसरीवर जेवून बसले होते. अडकित्त्यात सुपारी होती. ऐंशीला टेकलेले, पण पाठ अजून सरळ.

"दादा, अर्पिताची चिठ्ठी आली," परमेश्वर म्हणाला.

"चिठ्ठी? फोन हाय की तिच्यापाशी. बरी हाय ना पोर?"

"बरी हाय. ऐका."

त्यानं वाचलं. आवाज शक्य तेवढा सपाट ठेवला. माणिकराव सुपारी कातरत ऐकत होते. एकूण पाच हजार नऊशे म्हटल्यावर अडकित्ता थांबला.

"म्हंजे बिल लावलं म्हण की आपल्याला."

"बिल न्हाई हो मामा," राजेश्री दारातून म्हणाली. "तिनं…"

"मग काय हाय हे? दुकानदारानं लिहून द्यावं तसं. साबण, तेल, इतके पैसे, एकूण अमुक. अन् एक तारखेला. पगार हाय का तिचा? आमी काय सरकार हाव?" ते हसले, पण त्या हसण्यात दुखावलेपण होतं. "घरच्या लेकरानं घरच्याला असं लिहायचं असतं का? लागलं तवा मागावं, बस. मी न्हाई म्हणलो का कधी? तिला म्हणलो? तिच्या बापाला म्हणलो? इचार त्याला."

परमेश्वरनं कागदाची घडी केली आणि पुन्हा उलगडली.

"ते खाडे म्हंजे काय?" माणिकरावांनी विचारलं.

"मेसमधलं न जेवलेलं ताट. आधी सांगितलं की त्याचे पैसे कमी होतात."

"गावाकडं आली आसंल तवा."

"सप्टेंबरात ती आलीच न्हाई, मामा," राजेश्री म्हणाली.

"मग मैतरणीकडं जेवली आसंल. तरण्या पोरी हायत, कुठं तरी खातात. अकरा ताटांचं एवढं काय?"

"अकरा ताटं लय होतात, दादा," परमेश्वर म्हणाला.

त्याच्या आवाजातलं काहीतरी ऐकून म्हाताऱ्यानं वर बघितलं, पण मग हात झटकला. "हे बघ, मला हे कागदाचं कळत न्हाई. मी सरळ इचारतो तिला. लाव फोन."

"फोनवर इचारू नगा म्हणलीय ती. कागदातच लिव्हलंय."

"आजोबानं नातीला फोन करायचा न्हाई, हे बी कागदात लिव्हलंय का? लाव म्हणलो ना."

राजेश्रीनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मानेनंच हो म्हटलं. तिनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि माणिकरावांच्या गुडघ्याजवळ ठेवला. दोन रिंगनंतर अर्पिताचा आवाज आला. मागं कुठंतरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

"हॅलो, आई? जेवलीस का?"

"मी आबा बोलायलोय, बाई."

"आबा! कसे हाव तुमी? गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा आपला बसलाय घरी. तू कशी हायस? कॉलेज चालू हाय ना? हे बघ, तुझी चिठ्ठी आली."

पलीकडं ती चालता चालता कडेला झाली असावी. हॉर्नचा आवाज दूर गेला.

"हां आबा," ती म्हणाली.

"त्यात काय हाय ते ऱ्हाऊ दे. तू मला तोंडानं सांग. किती पाठवू? तुझा आबा बसलाय ना अजून? मागशील तेवढं देतो. आत्ता टाकायला सांगतो तुझ्या बापाला. बोल, किती?"

परमेश्वर खांबाला टेकून उभा होता. त्याला वाटलं आता ती बोलेल. कागदावर किती सरळ लिहिलं होतं तिनं, एकेक रुपया नावानिशी. तिनं फक्त तो आकडा म्हणायचा होता.

फोनमधून एक श्वास ऐकू आला. मग अर्पिता हसली, बळंच हसतात तसं.

"नको आबा. हाय माझ्यापाशी."

"खरंच हाय ना?"

"हो आबा. काय नको. तुमी गुडघ्याला तेल लावा."

माणिकरावांनी डोळे विस्फारून मुलाकडं बघितलं. चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. "ऐकलंस? पोरीला काय नको. उगी कुणाच्या तरी नादानं लिव्हलं आसंल. लेकराला काय पायजे ते लेकराच्या तोंडून निघतं. तू बी तसाच होतास, मागितलं असतंस तर…"

परमेश्वर ऐकत राहिला. पण त्याच्या कानात दुसरंच वाजत होतं. ते हसणं. हाय माझ्यापाशी. ते त्याचंच होतं. एसटीच्या खिडकीत गिळलेलं, सत्तावीस वर्षं कुठंतरी मुरलेलं, आज परभणीच्या रस्त्यावरून एका एकोणीस वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून बाहेर आलं होतं. रंग, नाक, अक्षर असं काही आपल्यातलं पोरांत उतरतं हे त्याला माहीत होतं. हेही उतरतं, हे त्याला माहीत नव्हतं.

आणि तरी तिनं लिहिलं होतं. मागणं एवढं जड जात असताना, तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं होतं. पट्टीनं रेघा मारून, एका बाजूला नाव, एका बाजूला आकडा. जिथं तिचा बाप हरून घरी आला होता, तिथून ती कागदाची वाट काढून पुढं निघाली होती. केवढी होती ती! त्याला वाटलं आपण तिला वाढवलं नाही, आपल्या घरात ती कुठून तरी येऊन उतरली.

आणि आता तिच्या त्या वाटेवर म्हातारा मायेनं आडवा बसला होता. चांगल्या मनानं. तेच त्याला सर्वांत अवघड वाटलं. एक शब्द बोललं की म्हाताऱ्याची भिंत पडणार होती. सत्तावीस वर्षं तो तिला टेकून बसला होता.

"ठेवू का मग, आबा?" फोनमधून आवाज आला.

"ठेव बाई, ठेव. सुखी ऱ्हा."

"ठेवू नगंस," परमेश्वर म्हणाला.

तो खांबापासून निघाला आणि बापापुढं खाली बसला, मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर. पीठ अजून अंगावर होतं. माणिकरावांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं कुणी तरी ओळखीचं बऱ्याच दिवसांनी दारात आल्यावर आधी नीट ओळखू येत नाही.

"अर्पी, ठेवू नगंस. तू बी ऐक. दादा, ती पोर खोटं बोलायली. तिच्यापाशी न्हाईत. तिनं अकरा टाइम जेवण केलं न्हाई. मला कसं ठावं म्हणून इचाराल, तर सांगतो."

"पप्पा…" फोनमधून आलं.

"गप ऱ्हा माय, बोलू दे मला. पुन्हा बोलता यायचं न्हाई."

राजेश्री दारात खाली बसली. माणिकरावांच्या हातात अडकित्ता तसाच उघडा होता.

"दादा, मन लागत न्हाई म्हणून मी कॉलेज सोडलं न्हवतं. मन लागलं होतं. लय लागलं होतं. मी मेसमध्ये खाडे टाकत होतो, दर महिन्याला जास्त, कारण मला तुमाला पैसे मागता आले न्हाईत. तुमी न्हाई म्हणले नसता, हे मला तवा बी ठावं होतं. तुमच्यापुढं येऊन उभा ऱ्हायचो अन् तोंड उघडायचं न्हाई. मी भुकेनं परत आलो, दादा. तिला तसं येऊ द्यायचं न्हाई, तिनं लिव्हलंय तेवढं एक तारखेला ठरवून देऊ."